पुरणपोळीआधीचा सामना

केशव घैसासला रावसाहेबांच्या घरची पुरणपोळी आवडत नव्हती असं नाही. भोरात त्या घरच्या पोळीला तोड नव्हती, हे तोही कबूल करी. त्याला चीड होती ती पोळी कधी वाढतात याची. फुटबॉलच्या सामन्याआधी वाढत.

रावसाहेब मेहेंदळे हे संस्थानच्या कचेरीतले बडे अधिकारी. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण दसऱ्यानंतरच्या ढालीच्या सामन्याचे ते आश्रयदाते होते. ढाल त्यांनीच दिलेली, मैदानावर मांडव त्यांचाच, आणि सामन्याच्या दिवशी भोरच्या संघाला मेजवानीही त्यांचीच. मागल्या वर्षीही पोरं त्यांच्याकडे तुडुंब जेवून मैदानावर उतरली होती आणि पुण्याच्या संघाकडून चार गोल खाऊन परतली होती. गाव म्हणालं, पंच पुण्याचा होता. रावसाहेब म्हणाले, मैदान ओलं होतं. एका पुढाऱ्याने तर ग्रहमानही काढलं. पाटावरून उठून हात धुतलेली माणसं तासाभरात धावायला लागली तर काय होणार, हे एकालाही सुचलं नाही. केशवला सुचलं होतं, पण तो त्याच कचेरीत कारकून होता, रावसाहेबांच्या हाताखाली. त्यामुळे त्याने तेव्हा तोंड उघडलं नाही.

या वर्षी तो संघाचा कप्तान झाला. पुण्याला कॉलेजात असताना तो तीन वर्षं खेळला होता, आणि एकदा मित्राच्या मुंजीतून थेट मैदानावर गेल्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. बरगडीखाली अशी कळ आली होती की श्वास घेता येईना. तेव्हापासून त्याने स्वतःवर प्रयोग करून पाहिले. उपाशी खेळून पाहिलं, तर शेवटी डोळ्यांपुढे काजवे चमकले. उसळ खाऊन पाहिली, तर पोट नगाऱ्यासारखं झालं. शेवटी त्याचा एक शिरस्ता ठरला आणि त्याने कधी दगा दिला नाही.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने पोरांना नदीकाठी बसवून तो शिरस्ता सांगितला.

"उद्या साडेचारला खेळ आहे. तेव्हा मुख्य जेवण बारापर्यंत उरकायचं. मऊ भात, पातळ वरण, मीठ, थोडं ताक. हवं तर गव्हाची एखादी पोळी. तूप नाही, तळलेलं नाही, तिखट नाही, उसळ नाही. तूप पोटात मुक्कामाला राहतं. भात लवकर पुढे सरकतो आणि पायाला बळ देतो. तीन-साडेतीनला एक पिकलेलं केळं किंवा गुळाचा खडा. पाणी सकाळपासून थोडं थोडं प्या. ऐनवेळी तांब्याभर नको आणि अजिबात नाही असंही नको."

"उपास केला तर अंग हलकं राहतं म्हणतात," वसंत म्हणाला. हा रावसाहेबांचा पुतण्या. डाव्या बाजूला बचावात खेळायचा. पायाने बरा होता, डोक्याने काकांवर गेला होता.

"अंग हलकं राहतं आणि दुसऱ्या डावात पायही हलके होतात. रिकाम्या कणगीतून दाणे येत नाहीत, वसंतराव."

"मी रोज भाकरी-दूध खातो," रायबा म्हणाला. "त्येच खाऊ का?"

रायबा हिर्डोशीकडच्या धनगरवाड्यावरचा. गुरं राखायचा, लोणी विकायला भोरात यायचा आणि आला की खेळायचा. उजव्या कडेने बिनबुटाचा असा धावायचा की त्याच्या मागे लागलेला माणूस दुसऱ्यांदा लागत नसे.

"नाचणीची भाकरी जरा जड पडेल, कोंडा असतो. उद्यापुरता भात खा. पण भात तुला नवा नाही ना? उद्या पोटाला नवं काही दाखवायचं नाही."

"भात पिकवतो की आमी. नवा कसला?"

"मग झालं. आता मुख्य गोष्ट. रावसाहेब मेजवानी देणारच. जायला हवं. पण पानावर आडवा हात धरायचा. पोळी नको म्हणायचं, भात-वरण मागायचं. सगळ्यांनी. एकाने हात काढला की बाकीच्यांचे निघतात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे होऊन मान डोलावण्यात आपली माणसं कधीच कमी पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी साडेअकराची वेळ सांगितली होती. संघ आला तेव्हा रावसाहेब देवघरात होते. देवघरातून बारा वाजता निघाले ते गणपतीच्या दर्शनाला गेले. पुण्याहून मोटारीने आलेला कँपातला संघ तोवर मैदानाशेजारच्या झाडाखाली बसून उकडलेले बटाटे आणि पाव खात होता. रावसाहेबांनी त्यांनाही निमंत्रण धाडलं होतं. त्यांच्या कप्तानाने, फर्नांडिस म्हणून होता, निरोप पाठवला, आभारी आहोत, खेळ झाल्यावर अवश्य येऊ.

"मिशनरी पोटं," रावसाहेब हसून म्हणाले. "त्यांना पुरण काय पचणार?"

पंगत बसली तेव्हा एक वाजून गेला होता. आणि पंगत म्हणजे माजघरातली. केशव, वसंत आणि कचेरीतली, शाळेतली आणखी पाच पोरं तिथे पाटावर बसली. रायबा, बाजी, भिमा आणि गेनू या चौघांना कारभाऱ्याने आल्याआल्याच मागच्या अंगणात नेऊन बसवलं होतं. त्यांना आतल्यांचं झाल्यावर वाढायचं होतं. त्या घरात तशी रीतच होती. केशवने ते पाहिलं होतं, तरी तो पाटावर बसला.

वाढप सुरू झालं. मसालेभात, भजी, कटाची आमटी, बासुंदी. आणि तुपात निथळणाऱ्या पोळ्या. केशवने पानावर हात आडवा धरला. शेजारच्यांनीही धरला. वाढप्या पुढे सरकला, मागे आला, परत पुढे सरकला. मग त्याच्याकडून पोळ्यांची परात स्वतः रावसाहेबांनी घेतली.

"कप्तान, हे काय?"

"खेळायचंय, रावसाहेब. भात आणि वरण पुरे."

"भात-वरण आजाऱ्याला देतात. अहो, आम्ही तुमच्या वयाचे असताना दहा पोळ्या खाऊन तालमीत घुमायचो."

रावसाहेबांनी तालीम बाहेरून पाहिली होती की आतून, याची भोरात कुणालाच खात्री नव्हती. पण पंगत हसली.

"तूप पोटात राहतं, रावसाहेब. धावता येत नाही."

"आम्हाला वैद्यकी शिकवता?" ते अजून हसतच होते, पण आवाज खाली आला. "घैसास, कचेरीत तुमच्या बढतीचा विचार चालू आहे. तुमच्याबद्दल चांगलं बोलतो आहे मी. आता हात काढा."

केशवने हात काढला.

त्याने तो काढला तसा पंगतीतला एकेक हात निघाला. वसंतने तर केव्हाच काढला होता. पोळी पडली, वर तुपाची धार पडली. दुसरी पडली. रावसाहेब समोरून हलेनात. भजी वाढायला लावली, बासुंदीची वाटी पुन्हा भरायला लावली. केशव खात राहिला. पोळी लुसलुशीत होती, वेलदोड्याचा वास दरवळत होता, आणि प्रत्येक घासाला त्याला स्वतःची किळस येत होती. पंगत उठली तेव्हा अडीच वाजून गेले होते. विडे आले, तर तेही खाल्ले. आता काय राहिलं होतं?

अंगणात चौघं नव्हते. बाराला थोडा वेळ असतानाच ते उठून गेले होते. अंगणात कोणी आहे की नाही हे पाहायला कारभारी गेलाच नव्हता, त्यामुळे त्यांच्या जाण्याने कुणाचा अपमानही झाला नाही. बाजारपेठेत आक्काबाईची खानावळ होती. तिथे त्यांनी आमटीच्या पाण्यात कालवून गरम भात खाल्ला आणि मैदानाकडच्या चिंचेखाली तासभर पाठ टेकली. बाजीने येताना केळी आणली होती. हे सगळं केशवला मैदानावर कळलं. त्याच्या सगळ्या संघात त्याचं ऐकलेलं ते चौघेच, आणि तेसुद्धा घरात घेतलं नाही म्हणून.

आश्विनाचं ऊन होतं. मांडवात रावसाहेब लोडाला टेकले होते. पुण्याचा संघ हातपाय मोकळे करत होता, घोट घोट पाणी पीत होता. शिट्टी झाली.

पहिली काही मिनिटं बरी गेली. मग केशवच्या बरगडीखाली ती जुनी कळ उठली. मधल्या फळीतून त्याला दोन्हीकडे धावायचं होतं, आणि पोटात कणकेचा गोळा हलत होता. चेंडू जवळून जात होता, तो पाय उचलेपर्यंत पुढे जात होता. डाव्या बाजूला वसंत कंबरेवर हात देऊन उभा होता, आणि पुण्याचा पुढचा गडी त्याच्या अंगावरून पाहुण्यासारखा ये-जा करत होता. त्याच बाजूने पहिला गोल झाला. दुसरा झाला तेव्हा आपला गोलरक्षक ढेकर देत होता, असं नंतर बाजीने सांगितलं, आणि ते खोटं नसावं.

मध्यंतराला पंगतीतल्या पाच पोरांमागोमाग केशवही मांडवामागे गेला आणि भडभडून ओकला. पुरण, बासुंदी, भजी, सगळं जसंच्या तसं. जिरलं काहीच नव्हतं. मागे वळला तर रायबा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता.

"घोटभर घ्या. चूळ भरा आदी."

केशवने चूळ भरली.

"तुमाला म्हाईत हुतं ना समदं?" रायबाने विचारलं. "काल तुमीच सांगितलं."

"हो."

"मग खाल्लं कशाला?"

 रायबा उत्तरासाठी थांबला नाही. त्याने तांब्या घेतला आणि निघाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. धुतलेल्या भांड्यावर राहिलेल्या घाणीकडे पाहावं तसं त्याने केशवकडे पाहिलं होतं, आणि रावसाहेबांचं सगळं हसणं एकीकडे नि ते पाहणं एकीकडे.

गडी बदलायची सोय तेव्हा नव्हती. अकरा जण उतरले की तेच अकरा शेवटापर्यंत. केशवने आहे त्यातून मांडामांड केली. जेवलेल्यांना गोलापुढे दाटीने उभं केलं, धावू नका, नुसतं आडवं व्हा म्हणाला. स्वतःही त्यांच्यात उभा राहिला. अंगणातल्या चौघांना पुढे सोडलं.

"चेंडू तुमच्याकडे येईल. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

दुसऱ्या डावात पुण्याचं फार चाललं नाही, कारण गोलापुढे माणसांची भिंत होती. आणि रायबा धावत राहिला. त्याच्या एका मुसंडीवर गेनूने गोल केला. खेळ संपत आला तशी पुण्याच्या बचावाची चाल मंदावली, पण या चौघांची मंदावली नाही. रायबाने कडेने चेंडू नेला, आत वळला आणि अंगठ्याच्या बाजूने असा मारला की गोलरक्षक पाहतच राहिला. दोन-दोन. शिट्टी झाली. ढाल कुणालाच नाही, आठ दिवसांनी पुन्हा सामना.

लोक मैदानात घुसले. रावसाहेब मांडवात उभे राहिले आणि भाषणाला लागले. भोरच्या पाण्यात काय आहे, मावळ्यांच्या रक्तात काय आहे, आणि सगळ्यात शेवटी, आमच्या घरच्या अन्नात काय आहे.

"पहिल्या डावात अन्न अंगी लागायचं होतं," ते म्हणाले. "दुसऱ्या डावात लागलं. पुढच्या रविवारी सामन्याआधी याहून मोठी पंगत घालतो."

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत ओकून आलेली पोरंही होती. केशवने त्यांच्याकडे पाहिलं. कळलं नव्हतं असं त्यांच्यात कुणीच नव्हतं. पोटाला कळलं होतं, हातांना टाळ्या वाजवायची सवय होती. आणि दुपारी आपला हात याहून वेगळा नव्हता, हेही त्याच्या लक्षात आलं.

"आम्ही येणार नाही, रावसाहेब," तो म्हणाला.

आवाज फार मोठा नव्हता, पण टाळ्या थांबल्या.

"काय म्हणालात?"

"सामन्याआधी जेवायला येणार नाही. गोल ज्यांनी केले ते तुमच्या घरी जेवलेच नाहीत. तुम्ही त्यांना अंगणात बसवून विसरलात. ज्यांना आग्रह करून वाढलंत ते मांडवामागे ओकत होते. जेवण द्यायचंच असेल तर खेळ झाल्यावर द्या. पुण्याचे लोकही येतील. सगळ्यांना एका पंगतीत द्या."

रावसाहेबांनी मांडवातल्या लोकांकडे पाहिलं. मग हसले.

"ऊन लागलंय कप्तानाला. घरी न्या."

सोमवारी कचेरीत रावसाहेबांनी त्याला बोलावलं नाही. मंगळवारीही नाही. त्याच्या टेबलावर मात्र दुसऱ्यांच्या कामाचे गठ्ठे येऊ लागले आणि शेजारचे कारकून त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागले, जणू तो आजारी होता. संध्याकाळी तो मैदानावर जाई. ओकलेल्या पाच जणांपैकी चार येत, शरमलेले. वसंत एकदाच आला.

"काकांचा मान राखायला हवा होता, केशवराव," तो म्हणाला. "अन्नाला नावं ठेवू नयेत."

"अन्नाला कोण नावं ठेवतंय? रात्री वाढा, मी दहा खाईन."

"मी त्यांच्याकडे जेवूनच येणार. घरचा माणूस आहे."

"मग खेळायला येऊ नकोस."

वसंत हसला. काकांसारखाच हसला.

रविवारी आक्काबाईच्या खानावळीच्या पडवीत अकराला पानं मांडली. आक्काबाईने आधीच सांगून टाकलं होतं, "वरणात मिरची नगं, फोडणी नगं, मग माझ्या हाताला चव ती कसली ऱ्हाईल? लोक मला नावं ठेवतील." केशवने तिला सांगितलं, नावं मला ठेवतील. मऊ भात, वरण, मीठ, ताक. ओळ एकच. शाळेतल्या दोघांनी घरून डबे आणले होते आणि ते जरा हटून, भिंतीकडे तोंड करून जेवले. डब्यात भातच होता, म्हणून केशव त्यांना काही बोलला नाही. एका दिवसात माणसाचं पोट सुधारता येतं. बाकीचं सुधारायला त्याच्याकडे वेळ नव्हता.

रायबाने दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

"भूक आहे तर घे," केशव म्हणाला. "अर्धपोटीही नको."

"भूक हाय," रायबा म्हणाला, "पर तुमी आज किती खाता ते बघतोय."

केशवने आपलं पान त्याच्यासमोर सरकवलं. त्यात भात आणि वरण होतं. रायबाने पाहिलं आणि मग भात मागितला.

चारच्या सुमाराला वसंत मैदानावर आला. कपाळाला गंध, तोंडात विडा. त्याच्यासोबत गोलरक्षक होता, त्याचा आतेभाऊ. दोघांच्या ओठांना तूप चमकत होतं.

"कुठे जेवलात?" केशवने विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे."

"कधी उठलात?"

"आत्ताच. का?"

"बसा मग. मांडवात काकांशेजारी जागा आहे."

वसंतला ते कळायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा लाल झाला. त्याने मांडवाकडे पाहिलं. रावसाहेब पाहत होतेच. केशवने गोलात कोंडिबाला उभं केलं. तो सुताराचा, पोहायला चांगला, गोलात फारसा नाही. डाव्या बाजूला शाळेतलाच आणखी एक पोरगा, आठवडाभर सरावाला येत असलेला. सोबतीचे म्हणाले, हे जरा जास्त होतं. केशव म्हणाला, जास्त तर गेल्या रविवारी झालं होतं.

खेळ सुंदर झाला नाही. कोंडिबा दोनदा नशिबाने वाचला. पण अकराही जण धावत होते, आणि शेवटच्या दहा मिनिटांतही धावत होते. पुण्याचे लोकही धावत होते, ते नेहमीच नीट खाऊन यायचे. रायबाने कडेने नेलेला चेंडू बाजीच्या डोक्याला लागून आत गेला, नेम धरून की न धरता, हे बाजीने कधी सांगितलं नाही. एक-शून्य.

ढाल देताना रावसाहेबांनी केशवकडे पाहिलं नाही. भाषणात ते म्हणाले की ग्रामदैवताची कृपा झाली. जेवायला कुणालाच बोलावलं नाही. फर्नांडिसने मोटारीत बसण्याआधी मांडवाकडे एकदा आशेने पाहिलं, आणि केशवने त्याला व त्याच्या लोकांना आक्काबाईकडे नेलं. तिथे त्या संध्याकाळी फोडणीही होती आणि मिरचीही.

पंधरा दिवसांत केशवच्या बदलीचा हुकूम आला. वेल्ह्याकडच्या कचेरीत, जिथे पावसाळ्यात पाऊल घालायला वाट नसे आणि फुटबॉल कशाला म्हणतात हे कुणाला ठाऊक नसे. हुकमावर कारण लिहिलेलं नव्हतं. ते लिहायची गरजही नव्हती. चार-सहा जण निरोप द्यायला आले. उरलेल्या भोरने, ज्याने ढाल मिरवणुकीने फिरवली होती, त्या सकाळी आपापली कवाडं लावून घेतली होती. केशवला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटण्याइतकी त्याला त्यांची किंमत राहिली नव्हती.

पुढच्या वर्षी दसरा होऊन महिना झाल्यावर रायबा गुरांच्या सौद्यासाठी वेल्ह्याला आला. कचेरीच्या पायरीवर बसला, लोण्याचा गोळा पुढे ठेवला.

"ढाल गेली," तो म्हणाला.

"किती गोल?"

"पाच. वसंतराव कप्तान हुते."

"आणि पंगत?"

"झाली आसंल. कितीला उठली ते मला म्हाईत न्हाई. म्या खेळलो न्हाई."

"का?"

"बोलावलं व्हतं. अंगणात बसा म्हनले. म्या म्हनलो, मला गुरं हायत." रायबाने पायरीवरची धूळ हाताने झटकली. "तुमच्या हितं मैदान हाय का कुठं?"

केशवने नदीकडे बोट केलं. कापणी झालेलं भाताचं एक खाचर तिथे मोकळं पडलं होतं. रायबा उठला आणि लांबी-रुंदी पाहायला निघाला. केशवने दप्तर मिटलं आणि त्याच्यामागे उतरला.